‘वापरलेली वस्तू’ हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे?

*मी ४,२९९ रुपयांचा मिक्सर ऑनलाइन मागवला. १६ तारखेला तो घरी आला. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी वाटताना मोठ्या भांड्याच्या तळातून पाणी झिरपून खाली मोटरवर आले आणि जळका वास सुटला. मी तेव्हाच व्हिडिओ काढला, भांडे धुऊन पुसून ठेवले आणि वस्तू परत करण्याची विनंती नोंदवली. कारणांच्या यादीतून घाईघाईत ‘अपेक्षेप्रमाणे नाही’ हे कारण निवडले. १९ तारखेला न्यायला आलेल्या मुलाने खोके उघडून पाहिले, फोटो काढले आणि मिक्सर नेला. २५ तारखेला संदेश आला, की क्वालिटी चेकमध्ये वस्तू वापरलेली आणि बुडाशी तडा गेलेली आढळली, त्यामुळे पैसे मिळणार नाहीत आणि वस्तू परत पाठवत आहोत. माझ्याकडे असताना तडा नव्हता. घरचे म्हणतात, ‘वापरलास ना, मग आता तक्रार कसली?’ ग्राहक सेवेकडून ‘तपासणीचा निर्णय अंतिम आहे’ एवढेच उत्तर मिळते. पार्सल आले की ते घ्यायचेच नाही, असे मी ठरवले आहे.*
*— एक वाचक, सांगली जिल्हा*

सप्रेम नमस्कार.

पार्सल वाटेत आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. ते नाकारू नका. नाकारण्यामागची तुमची भावना मला समजते. वस्तू घेतली, तर आपण त्यांचा निर्णय मान्य केला असा अर्थ निघेल, अशी भीती तुम्हाला वाटत असावी. परंतु पार्सल नाकारले, तर मिक्सर पुन्हा त्यांच्याच गोदामात जाईल, पैसेही त्यांच्याकडेच राहतील आणि या वादातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा, म्हणजे ते झिरपणारे भांडे, तुमच्या आवाक्याबाहेर जाईल. पार्सल स्वीकारणे आणि निर्णय स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त हा फरक तुम्ही त्याच दिवशी लेखी नोंदवून ठेवला पाहिजे.

पार्सल दारात येताच फोनवर व्हिडिओ सुरू करा आणि तो मध्ये कुठेही थांबवू नका. खोक्याच्या सहाही बाजू, चिकटपट्टी, वरचे लेबल आणि त्यावर वजन छापलेले असल्यास ते वजन स्पष्ट दिसू द्या. मग त्याच चित्रणात खोके उघडा, आतले थर्माकोलचे साचे जागेवर आहेत की नाहीत ते दाखवा, मिक्सर उलटा करून बुडावरच्या पट्टीवरील अनुक्रमांक वाचता येईल इतका जवळून घ्या आणि शेवटी तो तडा दाखवा. पार्सल आणणारा ओटीपी घेतल्याशिवाय खोके उघडू देत नसेल, तर त्याच्याशी वाद घालू नका, कारण तो नियम त्याने केलेला नाही. ओटीपी द्या, चित्रण चालू ठेवा आणि लगेच कंपनीला ॲपमधून किंवा ईमेलने एक वाक्य पाठवा : ‘पार्सल बंद अवस्थेत, निषेध नोंदवून स्वीकारले आहे, आतील वस्तूच्या स्थितीस किंवा परतावा नाकारण्याच्या निर्णयास माझी संमती नाही.’

आता तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाकडे वळते, कारण मला वाटते की तुमचेही मन त्याच प्रश्नात अडकले आहे. ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार असतात आणि आपण दोघांनाही ‘रिटर्न’ हे एकच नाव देतो. पहिल्या प्रकारात वस्तू चांगली असते, पण रंग आवडला नाही, माप बसले नाही किंवा मन बदलले, म्हणून आपण ती परत करतो. ही विक्रेत्याने दिलेली सवलत आहे. वस्तू न वापरलेली आणि मूळ वेष्टनात असावी, अशी अट त्याने घातली, तर ती रास्त आहे. दुसऱ्या प्रकारात वस्तूतच दोष असतो. तिथे ‘तुम्ही ती वापरली आहे’ हे उत्तर लागूच पडत नाही. भांड्याच्या तळातून पाणी झिरपते की नाही, हे भांड्यात पाणी घालून मिक्सर चालवल्याखेरीज कळणार कसे? दोष ज्या वापरातून उघडकीला आला, तोच वापर दोषाविरुद्धचा बचाव म्हणून पुढे करता येत नाही.

कायद्याचीही भूमिका तीच आहे. सदोष वस्तू विकल्यानंतर ती बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे, याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६ सुद्धा असाच आहे : संकेतस्थळावरून विकणाऱ्या विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. यांतला मुख्य शब्द ‘सदोष’ हा आहे आणि तुमच्या प्रकरणातली खरी अडचणही तिथेच आहे.

तुम्ही यादीतून ‘अपेक्षेप्रमाणे नाही’ हे कारण निवडले. त्यामुळे कंपनीच्या नोंदीत तुमची विनंती पहिल्या प्रकारात जाऊन बसली. गोदामातल्या तपासनिसाच्या पडद्यावर बहुधा तेवढेच कारण दिसले असेल. त्याने भांड्यावर पाण्याच्या खुणा पाहिल्या आणि वस्तू नापास केली. त्याने भांड्यात पाणी घालून ते तपासले असेल, असे मला वाटत नाही. गोदामातली तपासणी सहसा वस्तू तीच आहे का, सोबतचे भाग पूर्ण आहेत का, वापराच्या किंवा मोडतोडीच्या खुणा दिसतात का, एवढ्यापुरती असते. ‘क्वालिटी चेक’ हा शब्द भारदस्त असल्यामुळे आपल्याला वाटते, की एखाद्या तंत्रज्ञाने मिक्सर खोलून निष्कर्ष काढला आहे. प्रत्यक्षात वस्तू पुन्हा विकता येईल का, एवढेच पाहणारी ती तपासणी असते. दोष आहे की नाही, या प्रश्नाला तिने बहुतेक वेळा हातच घातलेला नसतो. म्हणून तुम्ही त्यांना पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे : दोषाची तपासणी झाली का, कोणी केली आणि निष्कर्ष काय निघाला?

चुकीचे कारण निवडले गेले, ही गोष्ट लपवू नका. ती तुम्हीच पहिल्या पत्रात सांगून टाका आणि त्याच वाक्यात १७ तारखेच्या व्हिडिओकडे बोट दाखवा. परतीची विनंती नोंदवण्याआधी काढलेला तो व्हिडिओ यादीतल्या एका टिचकीपेक्षा कितीतरी अधिक बोलतो. मूळ फाइल फोनमध्ये आहे तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पुढे पाठवलेली प्रत आकाराने लहान होते आणि तिच्यातील तारीख-वेळेची मूळ नोंद टिकत नाही, म्हणून ईमेलला जोडायची प्रतही मूळ फाइलवरूनच घ्या. विनंती नोंदवताना टिप्पणीच्या चौकटीत किंवा गप्पांच्या खिडकीत तुम्ही ‘पाणी गळते’ असे काही लिहिले होते का, ते शोधा. लिहिले असेल, तर त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

तड्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो ‘वापरलेली’ या शब्दाशी एकत्र होऊ देऊ नका. वापराच्या खुणा तुम्ही मान्य करणार आहात; तडा तुम्ही नाकारणार आहात. इथे तुम्हाला थोडे अवघड वाटेल असे विचारते : भरताना मिक्सर हातातून निसटला होता का, ओट्याच्या कडेला आपटला होता का? घरातल्या इतरांनाही विचारून घ्या. तसे झाले असेल, तर तडा नाकारू नका आणि वाद फक्त गळतीपुरता ठेवा. तसे झाले नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण १९ तारखेला दारात खोके उघडले गेले होते.

माल परत न्यायला येणाऱ्या माणसाला त्याच्या फोनवर काही प्रश्नांची उत्तरे भरावी लागतात : वस्तू चित्राप्रमाणे आहे का, सर्व भाग आहेत का, मोडतोड दिसते का. ती उत्तरे आणि त्याने काढलेले फोटो कंपनीकडे वेळेसह साठलेले असतात. त्याने ‘मोडतोड नाही’ अशी नोंद करून मिक्सर नेला असेल, तर तडा १९ आणि २५ तारखांच्या दरम्यान, म्हणजे मिक्सर त्यांच्या ताब्यात असताना गेला, असा निष्कर्ष निघतो. बुडाचा भाग पाहिलाच नव्हता, असे ते म्हणू शकतील. ते उत्तर दुबळे आहे, पण अशक्य नाही. म्हणून आणखी एक गोष्ट आठवून पाहा. त्या मुलाने खोके बंद करताना थर्माकोलचे दोन्ही साचे नीट बसवले होते का? मिक्सरचे बहुतेक वजन मोटरमध्ये असते. साच्यांशिवाय भरलेले खोके कोपऱ्यावर आपटले, की पहिला मार बुडाच्या प्लास्टिकला बसतो. परत आलेल्या पार्सलमध्ये साचे नसतील किंवा मोडलेले असतील, तर तेही व्हिडिओत यायला हवे, हे मी वर यासाठीच लिहिले.

आणि अनुक्रमांक! गोदामात एकाच नमुन्याचे कित्येक मिक्सर परत येतात आणि अदलाबदल होते. काही वर्षे तक्रार मार्गदर्शनाच्या टेबलावर बसताना मी असे एक प्रकरण पाहिले आहे, ज्यात ग्राहकाला परत आलेली इस्त्री तिची नव्हतीच आणि वॉरंटी कार्डावरचा आकडा जुळवल्यावर सगळा वाद एका दिवसात मिटला. तुमच्याकडे १७ तारखेच्या व्हिडिओत, वॉरंटी कार्डावर किंवा खोक्याच्या फोटोत तो आकडा असेल, तर परत आलेल्या मिक्सरशी पडताळून पाहा. त्यांनी तड्याचा पाठवलेला फोटो फक्त बुडाच्या कोपऱ्याचा असेल, तर अनुक्रमांक दिसेल असा फोटो मागा.

हे सगळे ग्राहक सेवेच्या खिडकीत लिहून उपयोग नाही. तिथे बसलेल्या व्यक्तीला निर्णय फिरवण्याचा अधिकार बहुधा नसतो. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, पद व संपर्क संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्यात तिचे निवारण करायचे असते. ‘निर्णय अंतिम आहे’ हे वाक्य त्यांच्या अंतर्गत व्यवस्थेपुरते खरे असेल. या अधिकाऱ्याकडे किंवा पुढे ग्राहक आयोगाकडे जाण्याचा तुमचा हक्क त्याने संपत नाही. पत्र लहान ठेवा. राग योग्य असला, तरी तो पत्रात उतरला की तारखा त्याखाली झाकल्या जातात. साधारण असे लिहिता येईल :

‘मागणी क्रमांक अमुक. १६ तारखेला मिळालेल्या मिक्सरच्या मोठ्या भांड्याच्या तळातून १७ तारखेस प्रथम वापरातच गळती झाली. त्याच दिवशीचा व्हिडिओ सोबत आहे. परतीच्या विनंतीत कारण नजरचुकीने “अपेक्षेप्रमाणे नाही” असे निवडले गेले. प्रत्यक्ष कारण वस्तूतील दोष हे आहे. दोष वापरल्याशिवाय कळणे शक्य नसल्याने वापराच्या खुणा हे परतावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. १९ तारखेस आपल्या प्रतिनिधीने वस्तू उघडून तपासून नेली, तेव्हा तडा नव्हता. कृपया (१) त्या वेळची तपासणी नोंद व फोटो, (२) गोदामातील तपासणीचा अहवाल, तारीख-वेळ आणि अनुक्रमांक दिसणारे फोटो, (३) गळतीची तपासणी केली असल्यास तिचा निष्कर्ष, (४) विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व ईमेल पाठवावा आणि ४,२९९ रुपये मूळ देयक मार्गाने परत करावेत.’

यातील चौथी मागणी विसरू नका. मोठ्या संकेतस्थळांवर वस्तू विकणारा बहुतेकदा वेगळाच असतो आणि त्याचे नाव बिलावर असते. ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ असे संकेतस्थळ म्हणते, आणि विक्रेता म्हणतो, की तपासणी संकेतस्थळाने केली. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याची माहिती देणे संकेतस्थळाला नियम ५ ने बंधनकारक केले आहे. त्या माहितीच्या आधारे पुढे दोघांनाही पक्षकार करता येते आणि मग त्यांची आपसांतली टोलवाटोलवी त्यांची त्यांनाच निस्तरावी लागते.

पोच मिळाली नाही, किंवा मिळून छापील उत्तर आले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येते आणि consumerhelpline.gov.in वर कागदपत्रेही जोडता येतात. ही हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, आदेश देत नाही. तरीही तिच्यामार्फत गेलेली तक्रार बहुधा कंपनीतल्या वेगळ्या, अधिक अधिकार असलेल्या माणसापुढे जाते, आणि लहान रकमांची बरीच प्रकरणे याच टप्प्यावर मिटताना मी पाहिली आहेत.

या दरम्यान मिक्सर घेऊन उत्पादक कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा, पण दुरुस्तीसाठी नव्हे. तपासून घ्या आणि त्यांच्या जॉब शीटवर निष्कर्ष लिहून मागा : गळती कुठून होते, भांड्याच्या तळाची बुश किंवा सील खराब आहे का, आणि तड्याचा गळतीशी काही संबंध आहे का. गळती भांड्यात आहे आणि तडा खालच्या कवचात, हे दोन वेगळे भाग आहेत, एवढे त्या कागदावर आले तरी विक्रेत्याचा अर्धा युक्तिवाद गळून पडतो. ‘आता वॉरंटीत भांडे बदलून देतो’ असे ते म्हणतील. तो पर्याय वाईट नाही. रोजच्या स्वयंपाकाला मिक्सर हवा असेल आणि महिनाभर थांबणे जमत नसेल, तर तो घेण्यात काही कमीपणा नाही. परंतु सदोष भांडे बदलले गेले, की परताव्याच्या दाव्याचा मुख्य पुरावाही गेला. म्हणून आधी ठरवा आणि मगच वस्तू त्यांच्या हाती द्या. तडा दाखवून ते वॉरंटीही नाकारू शकतात. तसे झाल्यास तो नकार लेखी घ्या, कारण गोदामातल्या त्या शेऱ्यामुळे तुमचे दुहेरी नुकसान झाले, हे त्यातून दिसते.

महिना उलटूनही काही झाले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करण्याची सोय आहे. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे घाबरून पळापळ करण्याचे कारण नाही. दोष सिद्ध करण्याचा भार मात्र प्रथम तुमच्यावर असेल. आयोगाला गरज वाटल्यास तो वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अशा तपासणीशिवाय तीन आणि तपासणीसह पाच महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात बहुधा त्याहून बराच अधिक वेळ लागतो. ४,२९९ रुपयांसाठी एवढे करावे का, हा निर्णय तुमचा. माझे मत विचाराल, तर आधी लेखी नोटीस पाठवून पंधरा दिवस द्यावेत. तारखा, व्हिडिओ आणि जॉब शीट एकत्र जोडलेली नोटीस पाहिल्यावर तक्रार लढवण्यापेक्षा पैसे परत करणे कंपनीला स्वस्त पडते. मसुदा एकदा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला दाखवून घेतलात, तर उत्तम.

कपडे आणि पादत्राणे परत करणाऱ्या वाचकांनी मात्र वरचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलू नये. माप बसले नाही म्हणून बूट परत करताना तळव्याला घासल्याच्या खुणा असतील, तर ‘वापरलेले’ हे उत्तर तिथे योग्य ठरते, कारण तो पहिल्या प्रकारचा परतावा आहे. त्यांच्या हाती एकच बचाव असतो, तो म्हणजे खुणा नव्हत्याच असे दाखवणे. त्यासाठी बूट चटईवर घालून पाहावेत, आणि न्यायला माणूस येण्याआधी तळवे, टॅग आणि मोबाइल असल्यास आयएमईआय क्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत. क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्यांनी बँकेकडेही व्यवहाराबाबत वाद नोंदवावा आणि त्याला उशीर करू नये, कारण त्याची मुदत वेगळी आणि अनेकदा कमी असते.

तुम्हाला कंपनीकडून बहुधा आधी कूपन किंवा अर्धी रक्कम देऊ केली जाईल. ती घेताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा शब्दांना होकार जात नाही ना, ते वाचा. गेला तर उरलेली रक्कम मागता येणे कठीण होईल. आणि पूर्ण पैसे आले, तर मिक्सर घेऊन जाण्याची विनंती स्वतःहून लेखी करा. ते न्यायला येतील त्या दिवशी साचे बसवून, अनुक्रमांक दाखवून, खोके बंद होईपर्यंतचा व्हिडिओ पुन्हा एकदा काढा.